दगडापासून पुढे चारशे मीटर

पावसाळ्याच्या तोंडावर घाटरस्त्यांची पाहणी सुरू होते. कनिष्ठ अभियंता मोटरसायकलवरून निघतो, किलोमीटरच्या दगडापाशी थांबतो, मीटरवरचा आकडा टिपतो आणि पुढे जातो. पाण्याचा ओघ रस्त्याखालून जातो तिथे उतरून वाकून बघतो. मग वहीत एक ओळ पडते : ‘२३/४००, नळमोरी, वरच्या बाजूचं तोंड गाळाने भरलेलं.’ दिवसाअखेर अशा तीस-चाळीस ओळी जमतात. कुठे मोरी, कुठे खड्डा, कुठे ढासळलेली साइडपट्टी.

ही वही कार्यालयात येते आणि संगणकावरच्या नकाशासमोर उघडली जाते. नकाशावर रस्ता आहे, पण तो नुसती एक रेषा आहे. तिच्यावर दगड नाहीत, आकडे नाहीत, घाट कुठून चढतो याची खूणही नाही. वहीतली ‘२३/४००’ या रेषेवर नेमकी कुठे ठेवायची?

या कामाला लिनियर रेफरन्सिंग म्हणतात, मराठीत रेषीय संदर्भ म्हणता येईल. एखाद्या ठिकाणाचा पत्ता अक्षांश-रेखांशांनी न देता ‘अमुक रस्ता, अमुक दगडापासून पुढे इतके मीटर’ असा द्यायचा आणि त्यावरून रेषेवरचा बिंदू शोधायचा. हे वाटतं तितकं सरळ नाही. बिंदू चुकतात ते बहुतेक वेळा एकाच गैरसमजातून. २३/४०० हा आकडा रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं तेवीस हजार चारशे मीटर अंतर आहे असं धरलं जातं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच : तेवीस लिहिलेला दगड गाठा आणि तिथून चारशे मीटर पुढे या.

मोबाइलवर क्षणात अक्षांश-रेखांश मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं कुणीही विचारेल. पण रस्त्याचा सगळा कारभार किलोमीटरमध्येच लिहिला जातो. अंदाजपत्रक, निविदा, मोजमाप पुस्तिका, अपघाताचा पंचनामा या सगळ्यांत ‘कि.मी. १८/०० ते २२/६००’ अशीच भाषा असते. वीस वर्षांपूर्वी कोणत्या मोरीचा स्लॅब बदलला हे जुन्या नोंदवहीतच सापडणार, आणि तिथे मोबाइल नव्हता. शिवाय मोबाइलचा बिंदूही रस्त्यावर बसतोच असं नाही. तो पाच-दहा मीटर सरकून शेजारच्या भातखाचरात पडतो आणि शेवटी त्यालाही ओढून रेषेवर आणावं लागतं.

महाराष्ट्रातल्या बांधकाम खात्याच्या कागदांवर या आकड्याला ‘साखळी क्रमांक’ म्हणतात, थोडक्यात सा.क्र. हा शब्द खऱ्याखुऱ्या लोखंडी साखळीतून आलेला आहे. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० च्या सुमारास मोजणीसाठी ६६ फुटी साखळी रूढ केली. अशा ऐंशी साखळ्या म्हणजे एक मैल. मोजणारे लोक साखळी जमिनीवर टाकत टाकत रस्त्याच्या वळणावळणाने पुढे जायचे. साखळी गेली, मैलही गेला, पण ‘साखळी क्रमांक’ राहिला आणि रस्त्याची देखभाल करणाऱ्या कामगाराला आजही गावाकडे ‘मैलकुली’च म्हणतात. अंतर रस्त्याच्या अंगावरून, प्रत्येक वळण धरून मोजायचं, हा साखळीचा गुण या आकड्यात अजून आहे. तोच पुढे नकाशाशी भांडतो.

एका घाटरस्त्याचं उदाहरण घेऊ. आकडे हिशेब दिसावा म्हणून बेतलेले आहेत, पण प्रत्यक्षात ते याच तऱ्हेचे येतात.

रस्त्याची रेषा उपग्रहाच्या चित्रावरून कुणीतरी काढलेली आहे. पहिली तपासणी रेषेच्या लांबीची. लेअर अक्षांश-रेखांशांत असेल तर संगणक लांबी अंशांत देतो, ०.३ वगैरे, आणि ती निरुपयोगी असते. ही चूक निदान लगेच दिसते. फसवी चूक वेगळी आहे. वेबवरच्या नकाशांसाठी वापरला जाणारा `EPSG:3857` हा प्रक्षेप मीटरमध्येच आकडे देतो, पण ते मीटर फुगलेले असतात. विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितके जास्त. १८ अंश उत्तरेला ही फूग पाच टक्क्यांच्या वर जाते, म्हणजे जमिनीवरचे तेवीस किलोमीटर तिथे चोवीसच्या पुढे भरतात. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि मराठवाड्यासाठी `EPSG:32643` हा प्रक्षेप घ्यावा. त्याचा पट्टा ७८ अंश रेखांशावर संपतो, त्यामुळे नागपूरकडच्या रस्त्याला `EPSG:32644` लागतो. यात राहणारी चूक किलोमीटरला मीटरभराच्या आत असते. मोरीच्या कामाला ती चालते.

दुसरी तपासणी रेषेच्या एकसंधपणाची आणि दिशेची. नकाशावर एक दिसणारा रस्ता आतून बारा तुकड्यांचा असू शकतो, कारण पुलापाशी, गावापाशी किंवा नाव बदलतं तिथे रेषा तोडलेली असते. तुकडे जोडून एक रेषा करावी लागते. मग तिचं पहिलं टोक शून्याच्या दगडाकडेच आहे ना, हे पाहायचं. रेषा उलट काढलेली असेल तर आकडे उलटे धावतात आणि डावी बाजू उजवी होते. रस्त्याच्या कामात डावं-उजवं हे वाढत्या किलोमीटरच्या दिशेने तोंड करून ठरतं, म्हणून ‘डाव्या साइडपट्टीवर खड्डा’ ही नोंद गुपचूप पलीकडे जाते. नकाशावर बिंदू रेषेवर दिसत असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

एवढं नीट केल्यावर सुरुवातीपासून २३,४०० मीटर मोजून बिंदू टाकला, तर? उदाहरणातल्या रस्त्यावर तो मोरीच्या १३० मीटर पुढे, पुढच्या वळणाच्या वर, कड्यालगत पडतो. तिथे ना ओढा आहे ना मोरी.

एवढा फरक का पडला? बरेच जण चढाला दोष देतात. नकाशा सपाट, रस्ता तिरका, म्हणून रस्ता लांब भरतो, असा तो तर्क. तो खरा आहे, पण फार लहान आहे. शंभर मीटरला पाच मीटर असा चांगला चढ धरला तरी किलोमीटरमागे सव्वा मीटरच वाढतो. खरं अंतर हरवतं ते वळणांत. पंधरा मीटर त्रिज्येच्या हेअरपिन वळणावर रस्ता अर्धवर्तुळात ४७ मीटर चालतो. रेषा काढणाऱ्याने तिथे मधे एकही बिंदू न देता सरळ दुसऱ्या बाजूला उडी मारली, तर रेषेत तीसच मीटर भरतात. एका वळणात सतरा मीटर गेले. घाटात अशी वळणं ओळीने येतात. त्याखेरीज दगडही नेमके हजार मीटरवर असतात असं नाही. रस्ता रुंद करताना एखादं वळण सरळ होतं, दगड उपटून जरा पुढे-मागे बसतो, आणि त्यावरचा आकडा मात्र तोच राहतो.

म्हणून आधी दगडच नकाशावर आणायचे. एकदा रस्त्यावरून जाऊन प्रत्येक दगडापाशी मोबाइल किंवा जीपीएस यंत्र धरून बिंदू घ्यायचा, मग तो बिंदू रेषेवर जवळात जवळ टेकवायचा आणि रेषेच्या सुरुवातीपासून तो किती मीटरवर आला हे लिहून ठेवायचं. उदाहरणात तेवीसचा दगड रेषेवर २२,९१० मीटरवर आला आणि चोवीसचा २३,८६२ वर. दोन दगडांमधलं रेषेवरचं अंतर ९५२ मीटर. रस्त्यावर जे हजार आहेत ते रेषेवर नऊशे बावन्न झाले. मग चारशे मीटरचे त्याच प्रमाणात ३८१ होतील. २२,९१० मध्ये ते मिळवले की २३,२९१. मोरी आता इथे पडते, आधीच्या जागेपेक्षा १०९ मीटर मागे.

सारा खेळ या त्रैराशिकाचा आहे. चूक दगडागणिक साठत जात नाही, प्रत्येक दगडापाशी ती पुन्हा शून्य होते. पाचव्या किलोमीटरवर रेषा कशीही चुकलेली असो, तेविसाव्या दगडापुढच्या मोरीला त्याचा धक्का लागत नाही. उद्या कुणी रेषा अधिक नेटकी काढली, तर दगड नव्या रेषेवर पुन्हा टेकवायचे आणि हिशेब परत चालवायचा. सगळ्या मोऱ्या आपोआप नव्या जागी बसतात, वहीला हात लावावा लागत नाही.

तरीही २३,२९१ हे उत्तर पूर्ण बरोबर नाही. त्रैराशिक असं धरून चालतं की हरवलेले ४८ मीटर किलोमीटरभर सारखे पसरले आहेत. प्रत्यक्षात हेअरपिन वळणं या किलोमीटरच्या पहिल्या चारशे मीटरांतच आहेत, नंतर रस्ता सरळ कड्याकडेने जातो. काही रस्त्यांवर दर दोनशे मीटरवर लहान दगड असतात. ते इथे कामी येतात. २३/२०० चा लहान दगड रेषेवर तेवीसपासून १७४ मीटरवर आला आणि २३/४०० चा त्याच्या पुढे १८२ मीटरवर. म्हणजे मोरीची खरी जागा २३,२६६. नुसत्या मोठ्या दगडांवरून काढलेली जागा पंचवीस मीटर पुढे होती. घाटात पंचवीस मीटर म्हणजे वळणाच्या या तोंडाला की त्या तोंडाला, एवढा फरक. सपाट मुलखात मोठे दगड पुरतात. घाटात लहान दगड नसतील तर वळणांपुरती रेषाच नीट काढून घेणं अधिक फायद्याचं.

मोरीची जागा खरी आहे का, हे कार्यालयात बसूनही पडताळता येतं. मोरी उगाच कुठेही बांधत नाहीत, पाणी आडवं येतं तिथेच ती असते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरचे ओढे-नाले वेगळ्या लेअरमध्ये घेतले आणि ते रस्त्याला कुठे छेदतात ते बिंदू काढले, की दोन्ही याद्या शेजारी ठेवता येतात. उदाहरणात एक नाला रस्त्याला २३,२६८ वर छेदतो. मोरी २३,२६६ वर. दोन मीटरचा फरक असला की अभियंत्याला पुन्हा जाऊन बघावं लागत नाही. प्रत्येक मोरीला नाला मिळेलच असं नाही, कारण काही मोऱ्या फक्त डोंगराकडच्या गटाराचं पाणी पलीकडे काढतात. पण सलग पाच-सहा मोऱ्या आपापल्या नाल्यापासून एकाच दिशेला तीस-चाळीस मीटर सरकलेल्या दिसल्या, तर जवळचा एखादा दगड चुकला आहे हे नक्की समजावं.

खड्ड्याला असा साक्षीदार नसतो. तो बुजतो, पुन्हा पडतो, पुढे सरकतो. म्हणून त्याच्या नोंदीला तारीख हवीच. आणि खड्डे बहुधा एकटे नसतात, त्यामुळे वहीत ‘२५/१०० ते २५/३५०, डावी बाजू’ असा पट्टा लिहिला जातो. त्याची दोन टोकं वरच्याच रीतीने काढायची आणि मधला रेषेचा तुकडा कापून वेगळा दाखवायचा. इथे एक मर्यादा विसरून चालत नाही. मोटरसायकलचा मीटर शंभर मीटरच्या टप्प्यांनी पुढे जातो. वहीतला ‘४००’ म्हणजे चारशे ते पाचशेच्या मधलं काहीही असू शकतं. असा बिंदू नकाशावर सेंटिमीटरपर्यंत दाखवला तरी तो शंभर मीटरचाच राहतो. मोजचाकाने घेतलेलं रीडिंग आणि गाडीच्या मीटरचं रीडिंग यांना वेगळी खूण करणं म्हणून गरजेचं आहे.

हे काम क्यूजीआयएस या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. दगडांवरून `d` म्हणजे रेषेवरचं अंतर काढून ठेवलं असेल, तर बिंदू मिळवायला एवढंच पुरतं :

```
line_interpolate_point(
  geometry(get_feature('rasta', 'rid', 'R1')),
  "d")
```

यात `rasta` हे रस्त्याच्या लेअरचं नाव आणि `R1` हा रस्त्याचा क्रमांक. उलट, दगडाचा बिंदू रेषेवर किती अंतरावर येतो हे `line_locate_point` सांगतं. रस्ते शेकड्यांनी असतील तर माहिती पोस्टजीआयएसमध्ये ठेवतात, आणि तिथे त्रैराशिकही एकाच वेळी उरकतं :

```sql
SELECT p.id, ST_LineInterpolatePoint(r.geom,
  (a.d + (b.d - a.d) * p.m / a.len)
  / ST_Length(r.geom)) AS geom
FROM mori p
JOIN dagad a ON a.rid = p.rid AND a.km = p.km
JOIN dagad b ON b.rid = p.rid AND b.km = p.km + 1
JOIN rasta r ON r.rid = p.rid;
```

शेवटी संपूर्ण लांबीने भागलं आहे, ते विसरू नये. क्यूजीआयएसचं फंक्शन अंतर मीटरमध्ये घेतं, तर पोस्टजीआयएसचं शून्य ते एकमधला अंश घेतं. एकाची सवय लागलेला माणूस दुसरीकडे गेला की इथेच अडतो. `a.len` म्हणजे त्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंतचं रस्त्यावरचं खरं अंतर. ते मोजलेलं नसेल तर १००० धरतात.

पण ते मोजलेलं असेल तर वापरावंच, कारण वहीत कधीकधी ‘३४/१०४०’ अशी विचित्र नोंद सापडते. नवख्याला ती चूक वाटते आणि तो ती दुरुस्त करून ३५/०४० करतो. मूळ नोंद बरोबर असते. चौतीस आणि पस्तीसचे दगड एकमेकांपासून १०८० मीटरवर असतील, तर चौतीसपासून १०४० मीटर पुढे गेल्यावरही पस्तीसचा दगड यायचा असतो. ‘दुरुस्त’ केलेली मोरी त्या दगडाच्या पलीकडे, प्रत्यक्ष जागेपासून ऐंशी मीटर पुढे जाऊन बसते.

आकडा लिहिण्याच्या रीतीतच आणखी एक फसगत आहे. मोऱ्या-पुलांना क्रमांक देण्याची पद्धतही अपूर्णांकासारखी असते, आधी किलोमीटर आणि मग त्या किलोमीटरमधली कितवी मोरी. मोरीच्या कठड्यावर चुन्याच्या पट्टीत रंगवलेलं ‘१२/५’ म्हणजे पाचवी मोरी. बारा किलोमीटर पाचशे मीटर असा त्याचा अर्थ नाही. नोंदवहीच्या एका रकान्यात मोरी क्रमांक आणि दुसऱ्यात साखळी क्रमांक असतो, आणि नक्कल करताना ते अदलाबदल होतात. त्यात ‘बारावा किलोमीटर’ म्हणजे अकरा आणि बारा या दगडांमधला, तर ‘१२/१००’ हा बाराच्या पुढचा. नोंद करणाऱ्याला कोणता अभिप्रेत होता हे विचारूनच घ्यावं लागतं. आणि ‘१२/५’ एक्सेलच्या चौकटीत टाइप केलं की ते आपल्याकडच्या मांडणीत सरळ १२ मे होऊन बसतं. म्हणून रकाना आधीच मजकुराचा करून ठेवायचा, किंवा सगळ्यात बरं म्हणजे किलोमीटर एका रकान्यात आणि मीटर दुसऱ्यात लिहायचे.

दगड रेषेवर टेकवताना होणारी चूक सगळ्यांत महाग पडते. घाटात रस्त्याचा खालचा पदर आणि वरचा पदर नकाशावर चाळीस-पन्नास मीटरच्या अंतराने समांतर धावतात. कड्याच्या आडोशाला जीपीएसचा बिंदू सरकतो, आणि जवळात जवळच्या रेषेवर टेकवताना खालच्या पदरावरचा दगड वरच्या पदरावर जाऊन बसतो. उदाहरणातल्या यादीत हे घडलेलं आहे. पंचवीसचा दगड २४,८४६ वर, सव्वीसचा २५,८३८ वर, सत्तावीसचा २७,४०२ वर आणि अठ्ठाविसाचा २७,७९० वर. लागोपाठच्या दगडांची वजाबाकी केली की चूक स्वतःच बोलते : ९९२, मग १५६४, मग ३८८. एक किलोमीटर भलता लांब आणि त्याला लागूनच पुढचा भलता आखूड. मोजणीत दगड हलला असता तर एवढा हलला नसता. दोन्ही मिळून १९५२ होतात, म्हणजे दोन किलोमीटरची बेरीज ठीक आहे आणि मधला दगडच वरच्या पदरावर उडालेला आहे. तो हाताने धरून खालच्या पदरावर आणला की २६,८०६ वर येतो, आणि वजाबाक्या ९६८ आणि ९८४ होतात. या एका दगडापायी २७/१५० ची मोरी अर्धा किलोमीटर पुढे दिसत होती. दुरुस्तीनंतर ती २६,९५४ वर आली. सारी यादी डोळ्यांखालून घालण्यापेक्षा ही एक वजाबाकी केलेली बरी. नऊशेच्या खाली किंवा अकराशेच्या वर गेलेला प्रत्येक किलोमीटर थांबून बघावा.

रस्ताच बदलतो तेव्हा काय करायचं, हा प्रश्न महाराष्ट्रात सारखा येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोली ते कुसगाव या घाटाच्या टप्प्याला पर्याय म्हणून आखलेल्या ‘मिसिंग लिंक’ची लांबी १३.३ किलोमीटर आहे, जुना टप्पा सुमारे १९ किलोमीटरचा. अंतर जवळजवळ सहा किलोमीटरने तुटतं. किलोमीटरचा आकडा म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर असं मानलं, तर कुसगावच्या पुढचा प्रत्येक दगड, प्रत्येक पूल, प्रत्येक जुनी अपघाताची नोंद सहाने कमी करावी लागेल. तसं कुणी करत नाही. जोडाच्या जागी एकाच बिंदूला मागून येणारा आकडा आणि पुढे जाणारा आकडा असे दोन आकडे देतात. अभियंते याला चेनेज इक्वेशन म्हणतात. पुढचे दगड आपले जुनेच आकडे घेऊन उभे राहतात. दगडादगडांतलं त्रैराशिक इथेही न अडखळता चालतं, फक्त जुना घाट आणि नवा मार्ग हे दोन वेगळे रस्ते म्हणून दोन वेगळ्या क्रमांकांनी ठेवावे लागतात.

नावांचंही तसंच. २०१० मध्ये देशातल्या राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. पनवेलहून गोव्याकडे जाणारा १७ क्रमांकाचा महामार्ग ६६ झाला, आणि मुंबई-पुण्याचा ४ क्रमांकाचा ४८ मध्ये गेला. जुन्या नोंदीतला ‘रा.म. १७, कि.मी. ८४’ आज शोधायचा तर कोणत्या सालच्या रस्त्याचा आणि कोणत्या सालच्या दगडाचा, हे दोन्ही ठाऊक हवं. म्हणून दगडांच्या तक्त्यात प्रत्येक दगडासमोर तो कधी पाहिला त्याची तारीख असते. जुनी नोंद जुन्या दगडांशी ताडायची, नवी नव्यांशी.

उदाहरणातल्या रस्त्यावर सगळं झाल्यावर अभियंत्याने बिंदू मोजले. नोंदवहीत मोऱ्या एक्केचाळीस होत्या, नकाशावर एकोणचाळीस आल्या. कुठेही चूक म्हणून दाखवली गेली नव्हती. दोन मोऱ्या नुसत्या गायब होत्या. एक ३०/७०० ची, दुसरी ३१/२५० ची. कारण वरच्याच आज्ञेत होतं. ती मोरीला मागचा आणि पुढचा असे दोन दगड मागते, एक जरी नसेल तरी ती ओळ गाळून टाकते, कुरकुर न करता. एकतीसचा दगड तक्त्यातच नव्हता. रस्ता रुंद करताना जेसीबीने तो उचलला आणि परत कुणी बसवला नाही. नोंदवही त्याआधीची होती.

तीस आणि बत्तीस या दगडांमध्ये दोन किलोमीटर धरून दोन्ही मोऱ्यांच्या जागा अंदाजे काढता आल्या असत्या. ‘अंदाजे’ अशी खूण करून तशा त्या तात्पुरत्या टाकल्याही गेल्या. पण त्या टप्प्यावर वळणं एकाच टोकाला होती. म्हणून अभियंता त्या भागाच्या मैलकुलीला घेऊन गेला. मैलकुलीने वीस वर्षं दर दिवाळीच्या आधी तो दगड चुन्याने रंगवला होता. एका आंब्यापासून पाच पावलं पुढे त्याने चपलेने माती बाजूला सारली. खाली तुटलेल्या दगडाचं काँक्रीटचं बूड होतं, कडेला पांढऱ्या चुन्याचे पापुद्रे अजून चिकटलेले. अभियंत्याने मोबाइल त्या बुडावर ठेवला, बिंदू स्थिर होईपर्यंत दोन मिनिटं थांबला, आणि वहीत लिहिलं : ‘३१, दगड नाही, बूड सापडलं’, पुढे त्या दिवसाची तारीख. मग दोघांनी मोजचाक घेऊन तिथून अडीचशे मीटर पुढे चालायला सुरुवात केली.